एका पातेल्यात सगळी सुकी मासळी भिजवू नका

गेल्या मार्चमध्ये सकाळी सातला भाच्याचा फोन आला. तो इथं बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात शिकतो आणि फतेगंजला दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. "मामी, आईनं दिलेलं सुकं रात्री भिजत घातलं होतं. आता पातेल्याकडे बघवत नाही."

"काय काय घातलंस?"

"सगळंच. जवळा, सोडे, दोन खारे बांगडे. वास जावा म्हणून पाणी भरपूर घातलं."

मी रिक्षा करून गेले. जवळ्याचा चिखल झाला होता. सोडे फुगून पांढरट झाले होते आणि चव घेतली तर मीठच मीठ. बांगडा अजूनही खारटच होता. खरं तर त्या तिघांत मीठ फक्त बांगड्यात होतं. रात्रभरात ते पाण्यात उतरलं आणि पाण्यातून सोड्यांत शिरलं. अलिबागहून निघताना ज्या सोड्यांत मीठ नव्हतं, ते फतेगंजात येऊन खारट झाले. सोड्यांचा भाव ज्याला माहीत आहे त्याला माझं दुःख कळेल.

त्याची चूक समजण्यासारखी होती. घराबाहेर पहिल्यांदा राहणाऱ्या पुष्कळांना वाटतं की सुकं म्हणजे खारट आणि उग्र, म्हणून ते जितकं जास्त भिजवावं तितकं बरं. मीठ आणि वास ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मीठ भिजवल्यानं जातं. वास बराचसा साफसफाईनं जातो, थोडा भाजण्यानं, थोडा आंबटानं, आणि एका प्रकारचा वास कशानंच जात नाही. त्यामुळे पाण्याला हात लावण्याआधी पुडीत काय आहे ते बघायचं.

आधी चाटून बघा

किनाऱ्यावर मासळी दोन रीतींनी सुकवतात. लहान किंवा पातळ मासळी नुसत्या उन्हात सुकते, तिला मीठ लावायची गरज पडत नाही. जवळा वाळूवर नाहीतर जाळीवर पसरतात. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, टांगतात. सोडे म्हणजे डोकं आणि साल काढून वाळवलेली कोळंबी. जाड किंवा तेलकट मासा मात्र आतपर्यंत सुकायच्या आधीच नासतो, म्हणून बांगडा, सुरमई, मुशी यांना चिरून आधी मीठ भरतात आणि मग वाळवतात. आपण 'खारा' म्हणतो तो हा.

ढोबळमानानं जवळा, बोंबील आणि सोडे बिनमिठाचे, आणि नावामागं 'खारा' लागलेला मासा मिठाचा. पण यावर डोळे झाकून विसंबू नका. काही जण सोडे मिठाच्या पाण्यातून काढून वाळवतात. पावसाळी हवेत सुकवलेल्या बोंबलालाही कधीकधी मीठ लागलेलं असतं. म्हणून एक तुकडा धुऊन जिभेच्या टोकाला लावायचा आणि थुंकून टाकायचा. लगेच कळतं. खारट लागला तर तो खाऱ्याच्या रांगेत, नाहीतर कोरड्याच्या. दोन रांगांची दोन पातेली, आणि कोरड्यांतही प्रत्येकाचं भांडं वेगळं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा.

चाटायच्या आधी नीट बघा आणि हुंगा. खाऱ्या माशावर गुलाबी चिकट डाग दिसले तर तो मिठात जगणाऱ्या जंतूंचा प्रताप आहे, मासा टाकून द्या. तेलकट माशाच्या पोटाकडची बाजू गंजासारखी पिवळी-तांबडी झाली असेल आणि जुन्या दाण्याच्या तेलासारखा खवट वास येत असेल तर त्याचं तेल हवेनं बिघडलं आहे. हाच तो कशानंच न जाणारा वास. चिंच, लिंबू, तीन पाणी, सगळं करून पाहिलं तरी तळताना तो पुन्हा वर येतो. असा बांगडा धूत बसू नका. पुडीच्या तळाशी भुसा आणि केसाळ अळ्या दिसल्या तर कीड लागली आहे. थोडं ऊन दाखवून चालेल असं सांगणारे भेटतात. माझ्या घरात ते चालत नाही.

खारा बांगडा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मीठ काढायचं कसं हे एकदा बांगड्यावर जमलं की सुरमई-मुशीवरही जमतं. म्हणून हे सावकाश सांगते.

दोन मध्यम खारे बांगडे घेतले, वजन साधारण २०० ग्रॅम. पहिलं काम कोरडं. वर्तमानपत्रावर धरून बांगडे एकमेकांवर हलके आपटा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं वरचं मीठ झाडा. पोटाच्या घडीत मिठाचे खडे अडकलेले असतात, ते बोटानं काढा. जे मीठ कोरडं निघतं ते पाण्यात कशाला विरघळवायचं? शिवाय या मिठाला माशाच्या रक्ता-पाण्याचा वास धरलेला असतो. ते निघालं की वासही थोडा कमी होतो.

मग कात्री घ्या. सुरी सुक्या माशावर घसरते आणि बोट कापतं. डोकं, शेपटी, पर कापा. डोकं टाकताना कल्ले पूर्ण निघाले का ते बघा, कारण उग्र वासाचं मोठं ठाणं तिथंच असतं. पोट उघडलं की आत काळा पातळ पडदा दिसेल. तो ओला झाल्यावर सहज निघतो, तेव्हा सध्या फक्त सुटलेला भाग खरवडा. आता प्रत्येक बांगड्याचे तीन तुकडे करा. सासूबाई बांगडा अख्खा भिजवत आणि तो रात्रभर ठेवत. तुकडे केले तर हेच काम तासा-सव्वा तासात होतं. मीठ माशाच्या पोटातून बाहेर चालत येतं, त्याला वाट जितकी थोडी तितकं बरं.

तुकडे नळाखाली एकदा चोळून धुवा. आता एका पातेल्यात एक लिटर साधं पाणी घ्या, हाताला किंचित कोमट लागेल असं. तुकडे त्यात बुडवा, अर्धा तास ठेवा, पाणी ओतून द्या. पुन्हा एक लिटर, पुन्हा अर्धा तास.

इथं पुष्कळ जण विचारतात की एकदाच दोन लिटरमध्ये तासभर ठेवलं तर काय बिघडलं? थोडा हिशोब करू. समजा २०० ग्रॅम बांगड्यात ३० ग्रॅम मीठ आहे आणि भिजलेल्या माशात २०० मिली पाणी आहे. बाहेर एक लिटर. पुरेसा वेळ दिला तर आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच खारट होतं आणि तिथं काम थांबतं. एकूण पाणी १२०० मिली, त्यातलं माशात २००, म्हणजे माशात मिठाचा सहावा हिस्सा उरला, ५ ग्रॅम. पाणी बदललं की त्या पाचाचाही सहावा हिस्सा, म्हणजे एक ग्रॅमच्या आत. तेच दोन लिटर एकदम घातलं तर अकरावा हिस्सा उरतो, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. पाणी तेवढंच, उरलेलं मीठ तिप्पट. अर्ध्या तासात आत-बाहेर पुरतं सारखं होत नाही, जाड भागात तर नाहीच, त्यामुळे खरा मासा या हिशोबापेक्षा खारट राहतो. पण कुठली रीत बरी हे त्यावरून कळतं. पाणी वाढवण्यापेक्षा बदलावं. रात्रभर एकाच पाण्यात पडलेला भाच्याचा बांगडा खारट का राहिला, तेही इथं उलगडतं. त्यानं पाणी 'भरपूर' घातलं होतं ते तीन वस्तूंसाठी, आणि एकदाही बदललं नव्हतं.

दुसरा प्रश्न, गरम पाणी का नको? कोमट पाण्यात मीठ लवकर सुटतं, हे खरं. पण उकळतं पाणी ओतलं की तुकड्याचं बाहेरचं मांस शिजून आवळतं, कडा सुटतात आणि आतलं मीठ तसंच राहतं. बाहेर भुगा, आत खडा. बोट सहज बुडवून ठेवता येईल इतपतच कोमट.

दुसऱ्या पाण्यात तुकडे मऊ होतात. तेव्हा पोटातला काळा पडदा अंगठ्यानं पुसून काढा आणि कण्याला चिकटलेली काळी रेघ नखानं खरवडा. यानं वासात जो फरक पडतो तो आणखी चार वेळा पाणी बदलून पडत नाही.

आता परीक्षा. सर्वांत जाड तुकड्याच्या कण्याजवळून चिमटीएवढं मांस काढा, कारण कडेचं मांस आधी अळणी होतं आणि फसवतं. ते तव्यावर थेंबभर तेलात भाजून खा. नुसता तळून भाताबरोबर किंवा पेजेबरोबर खायचा असेल तर ते भाजलेल्या पापडाइतकं खारट लागलेलं चांगलं. कालवणात घालायचा असेल तर जेवणातल्या नेहमीच्या मिठापेक्षा थोडंच जास्त लागायला हवं, कारण उरलेलं मीठ रश्श्यात उतरणार आहे. अजून खारट असेल तर तिसरं पाणी, पंधरा मिनिटं. त्यापुढे बहुधा लागत नाही. चौथ्या पाण्यात बांगड्याला बांगड्याची चव राहत नाही.

तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल आणि ते जिभेला मचूळ लागत असेल तर शेवटचं पाणी पिण्याचं वापरा. पहिल्या पाण्याला मात्र पिण्याचं पाणी वाया घालवायची गरज नाही.

आणि बडोद्याचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात इथं पारा चाळीसच्या वर जातो, स्वयंपाकघरही तापलेलं असतं. मीठ निघालेला, पाणी प्यालेला मासा म्हणजे आता जवळजवळ ताजाच मासा. त्याला टिकवणारं मीठ तुम्हीच काढून टाकलंत. तेव्हा तो ओट्यावर तासन्‌तास ठेवायचा नाही. लगेच शिजवणार नसाल तर भिजवायचं पातेलं झाकून फ्रिजमध्ये. बांगड्याच्या बाबतीत हे जास्त पाळायचं, कारण तो उबेत पडून राहिला की त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळून नष्ट होत नाही. असा मासा खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरतं, मग तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. जीभ चुरचुरली की घास टाकायचा. पुढे त्रास वाढला, विशेषतः दम लागला, तर डॉक्टरकडे जायचं. नुसतं सोलकढीवर भागवायचं नाही.

तुकडे गाळून हातानं हलके दाबा, पिळू नका, आणि जुन्या सुती कापडावर दहा मिनिटं पसरा. ओला तुकडा तेलात गेला की तेल उडतं. मग अर्धा चमचा हळद आणि लिंबाएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ लावून पंधरा मिनिटं ठेवा. हे चवीसाठी तर आहेच, पण वासासाठीही आहे. माशाचा तो ओळखीचा वास अमाइन जातीच्या द्रव्यांचा असतो. ती हवेत उडतात म्हणून नाकापर्यंत येतात. आंबट लागलं की त्यांचा क्षार बनतो आणि क्षार उडत नाही. माशाला कोकम-चिंच घालायची रीत कोणी रसायनशास्त्र शिकून काढलेली नाही, पण ती अगदी बरोबर बसली आहे.

एक सावधगिरी. चिंचेऐवजी कोकमाचं आगळ लावणार असाल तर आगळात मीठ असतं. तासभर मीठ काढून शेवटी आगळानं परत भरायचं, हा उद्योग मी स्वतः लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी केला आहे. जेवताना कोणी काही बोललं नाही, फक्त पाण्याचा तांब्या दोनदा भरावा लागला. सुकी आमसुलं भिजवून लावली तर त्यांतही थोडं मीठ असतं, तेव्हा ती आधी धुऊन घ्या. चिंच किंवा लिंबू सगळ्यांत बिनधोक.

आणि समजा सगळं करूनही कालवण खारट झालं, तर बटाटा घाला असं सांगतात. बटाटा मीठ शोषून घेतो म्हणतात, पण तो मीठ वेगळं काढून ओढत नाही, खारट पाणीच पितो. रस्सा पूर्वीइतकाच खारट राहतो. उपाय एकच, रस्सा वाढवणं. नारळाचं पातळ दूध किंवा गरम पाणी घाला, थोडं वाटण वाढवा, आणि बटाटा घालायचाच असेल तर पोट भरायला घाला.

सोडे: इथं पाणी फेकायचं नाही

सोड्यांना वेगळा न्याय. त्यांत मीठ नसतं, त्यामुळे काढायचं काही नाही. त्यांना फक्त मऊ करायचं आणि स्वच्छ करायचं. आमच्या दांडिया बाजारातल्या सासरी सोड्यांची खिचडी म्हणजे पाहुण्यांचा बेत, आणि सासूबाई सोडे स्वतः मोजून देत. वाटी नाही, नग मोजून. त्यांचं लक्ष भिजवायच्या पाण्यावर जास्त असे.

मूठभर सोडे, साधारण ५० ग्रॅम, चाळणीत घालून हलवा. तुटके पाय, सालपटं आणि बारीक वाळू खाली पडते. मग नळाखाली झटपट धुवा, दहा-पंधरा सेकंद, आणि हे पाणी जाऊ द्या. धूळ आणि वरवरचा वास त्यातच जातो. आता वाटीत घालून ते बुडून वर दोन बोटं येईल इतकं कोमट पाणी घाला आणि झाका. लहान सोड्यांना वीस मिनिटं, मोठ्यांना अर्धा तास.

झालं की नाही हे घड्याळापेक्षा बोटांना कळतं. सोडा वाकवा. तडकला तर अजून वेळ आहे. रबरासारखा वाकला आणि मधोमध कापल्यावर गाभ्यात किंचित घट्ट ठिपका दिसला तर काढा. तो ठिपका शिजताना भरतो. पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवला तर सोड्याची गोडी पाण्यात जाते आणि शिजल्यावर तो कापसासारखा लागतो. भिजल्यावर पाठीवर सुरीच्या टोकानं चीर देऊन काळा दोरा असेल तर ओढून काढा. सुक्या सोड्यातून तो निघत नाही, तुटतो, म्हणून हे काम भिजवल्यानंतरचं.

हे दुसरं पाणी टाकू नका. पाच मिनिटं स्थिर ठेवा, तळाचा गाळ सोडून वरचं पाणी पातळ कापडातून गाळा आणि खिचडीच्या तांदळाला घाला. फक्त आधी थेंबभर चाखा. खारट असेल तर तुमचे सोडे मिठाच्या पाण्यातून काढलेले आहेत. मग ते पाणी थोडंच घालायचं आणि वरचं मीठ कमी करायचं.

या पाण्यानं आणखी एक गोष्ट कळते. सोड्यांचा नैसर्गिक केशरी-गुलाबी रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. चांगल्या सोड्यांचं पाणी पिवळट, थोडं गढूळ होतं. पाणी लगेच लाल किंवा भडक नारिंगी झालं तर सोडे रंगवलेले आहेत. ज्याच्याकडून आणले त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

जवळा भिजवतच नाहीत

जवळा म्हणजे नखाएवढी, सालासकट वाळलेली कोळंबी. ती इतकी पातळ असते की पाणी लागताच मऊ होते. दहा मिनिटांच्या वर ठेवली की भाच्याचा चिखल. जवळ्यात खरा शत्रू वाळू आहे.

आधी कोरडं निवडा. परातीत पातळ पसरा आणि बारीक मासे, खेकड्यांची पिल्लं, शिंपल्यांचे तुकडे आणि जाळ्याचे निळे-हिरवे दोरे काढा. हे दोरे नायलॉनचे असतात आणि तव्यावर वितळतात, म्हणून निवडणं भाजण्याआधी. मग सुपात पाखडा, सूप नसेल तर चाळणीत चाळा.

नंतर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडाच भाजा. हाताला कुरकुरीत लागला की उतरवा, गार झाल्यावर तळहातांत हलका चोळा आणि परत चाळा. मिशा आणि पाय भुकटी होऊन खाली पडतात, आणि उग्र वासातला बराच भाग इथंच जातो. करपू देऊ नका. करपलेल्या जवळ्याचा कडूपणा कांदा-टोमॅटोनंही झाकत नाही.

मग धुणं. पसरट भांड्यात भरपूर पाणी, त्यात जवळा टाका आणि हातानं एकदाच फिरवा. जवळा वर तरंगतो, वाळू खाली बसते. आता झाऱ्यानं किंवा ओंजळीनं जवळा वरून उचला आणि दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यात टाका. नवखे इथं चुकतात. ते भांडं उचलून चाळणीत ओततात आणि तळाची वाळू पुन्हा जवळ्यावर पडते. उचलायचं, ओतायचं नाही. तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत, बहुधा तीन पाण्यांत, हे करा. लगेच पिळून कढईत. एकूण पाण्यात वेळ दोन-तीन मिनिटं.

बोंबलाचं थोडक्यात. कात्रीनं डोकं, शेपटी आणि पर कापून दोन-दोन इंचांचे तुकडे करा, तव्यावर कोरडे भाजा, मग कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. भिजल्यावर मधला काटा हलका होतो, नको असेल तर ओढून काढा. चटणी करायची असेल तर भिजवायचंच नाही, भाजून कुटायचं.

भिजवून काय होत नाही तेही सांगते. ज्याला कोळंबीची अॅलर्जी आहे त्याला जवळा-सोडे कितीही पाण्यांतून काढले तरी चालत नाहीत, आणि काहींना शिजतानाच्या वाफेनंही त्रास होतो. खोलीत तसा कोणी मित्र असेल तर आधी विचारा. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य आहे त्यांनी तीन पाण्यांतला बांगडाही अळणी समजू नये. त्यात मीठ उरतंच.

वास घराबाहेर जाऊ नये म्हणून

बडोद्यात हा प्रश्न पदार्थाइतकाच मोठा. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यांतली तीन पक्की शाकाहारी. पहिल्यांदा जवळा भाजला तेव्हा समोरच्या बा दार वाजवून काळजीनं म्हणाल्या, "बेन, शुं बळे छे?" त्यांना वाटलं वायर जळते आहे. मला इतका संकोच वाटला की पुढे वर्षभर मी सुकं केलंच नाही.

आता नेम ठरवला आहे. भाजणं सकाळी अकराच्या सुमारास, जेव्हा मजल्यावर वर्दळ कमी असते. जिन्याकडचं दार बंद, बाहेरची खिडकी उघडी, आणि पंखा हवा बाहेर फेकणारा. छताचा पंखा बंद, तो वास घरभर फिरवतो. भिजवताना पातेल्यावर नेहमी झाकण.

पाणी कुठं टाकायचं? खाऱ्या बांगड्याचं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर खवले जाळीत अडकतात आणि संध्याकाळी वास मारतात. ते संडासात ओतून फ्लश करा. झाडांना घालू नका, त्या मिठानं कुंडीतलं रोप जळतं. सासूबाईंनी गच्चीवरचं जास्वंद असंच घालवलं आणि दोष उन्हाला दिला. डोकी, कल्ले, पर वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा. ऐकून विचित्र वाटेल, पण बाहेर ठेवलं की अर्ध्या तासात मांजर हजर आणि जिन्यात कल्ले.

पातेलं, परात आणि कात्री आधी गार पाण्यानं धुवा, मग चिंचेच्या चोथ्यानं किंवा पिळलेल्या लिंबाच्या सालीनं घासा, मग साबण. आधीच गरम पाणी ओतलं तर माशाचा चिकटा शिजून भांड्याला बसतो. हातांनाही हेच, लिंबाची साल आणि मग साबण. कात्रीचा स्क्रू सैल करून मधली फट पुसा. सगळं धुऊन झालं तरी ओट्यावर वास कुठून येतोय ते सापडत नसेल, तर तो बहुतेक तिथंच असतो.